पुसलेला संवाद खरंच पुसला जातो का?

प्रश्न : मी घरगुती डब्यांच्या ऑर्डरसाठी छोटं ॲप चालवते. त्यात ग्राहक माझ्याशी चॅट करतात. ९० दिवसांनी चॅट आपोआप पुसलं जातं. मग गोपनीयता सूचनेत ‘९० दिवसांनंतर आम्ही काहीही साठवत नाही’ असं लिहिलं तर चालेल ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे वाक्य पूर्ण खरं नाही. मुख्य सर्व्हरवरून चॅट गेलं तरी त्याची प्रत बॅकअपमध्ये उरू शकते. समजा, बॅकअप ३० दिवस राहतो. मग १ एप्रिलचा संदेश ३० जूनला पुसला गेला, तरी त्याची शेवटची प्रत ३० जुलैच्या सुमारास नष्ट होईल. तुमचा बॅकअप किती दिवस राहतो, हे ॲप बनवणाऱ्याला आधी विचारा. मग असं लिहा :

‘तुमचं चॅट आम्ही ९० दिवस ठेवतो. बॅकअपमधली प्रत त्यानंतर ३० दिवसांत जाते. तक्रार सुरू असेल, तर तेवढाच संवाद ती मिटेपर्यंत ठेवतो. फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करत नाही. चॅट आधी पुसायचं असल्यास ‘मदत’मध्ये कळवा.’

यातलं प्रत्येक वाक्य तुमच्या ॲपला लागू असेल, तरच ठेवा. ॲलर्जी, पथ्य यांचा उल्लेख चॅटमध्ये येत असेल, तर तेही सांगा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला सूचना सोप्या भाषेत हवी आहे. ती मराठीतही वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्या.