रस्ता दिसतो, पण तो आपला असतोच असं नाही

आमची होस्टिंग सेवा लहान आहे. आमच्याकडे आयपी पत्त्यांचा एक /23 गट, म्हणजे ५१२ पत्ते होते आणि ते सगळे मुंबईतून जाहीर होत होते. पुढे पुण्यात दुसरी जागा घेतली आणि गटातला अर्धा भाग, एक /24, तिथून जाहीर केला. मुंबईचा /23 तसाच राहू दिला. दोन्हीकडे अपस्ट्रीम कंपनी एकच होती, दोन शहरांना जोडणारी आमची स्वतःची लाईन मात्र नव्हती. दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. (खाली दिलेले पत्ते आणि एएस क्रमांक बदललेले आहेत.)

१. आधी ग्राहकाकडचा ट्रेसरूट मागा.

"साहेब, ऑफिसात उघडत नाही, मोबाईलवर उघडतं," असं एका दुकानदार काकांनी सांगितलं. तक्रार करणारे सगळे एकाच आयएसपीचे निघाले. आमच्या सर्व्हरवरून उलट दिशेला ट्रेसरूट घेऊन उपयोग नव्हता, कारण जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगळा असू शकतो. काकांना त्यांच्याच संगणकावर `tracert` चालवायला लावलं. सेवा पुण्यात होती, पण पाकिटं आमच्या मुंबईच्या राउटरपर्यंत येऊन तिथेच संपत होती. आम्ही दोन तास मुंबईची फायरवॉल तपासली. तिच्यात काहीच दोष नव्हता.

२. लुकिंग ग्लासमध्ये पहिली ओळ नीट वाचा.

त्या आयएसपीच्या लुकिंग ग्लासवर आमचा पत्ता टाकला, तेव्हा साधारण असं दिसलं:

```
show ip bgp 198.18.11.25
BGP routing table entry for 198.18.10.0/23
  64500
    Origin IGP, valid, external, best
```

"रूट आहे की!" असं म्हणून आम्ही पुढे गेलो, आणि चूक तिथेच झाली. रूट /23 चा होता. पुण्याचा 198.18.11.0/24 त्यांच्याकडे नव्हताच. राउटर नेहमी जास्त नेमका, म्हणजे लांब प्रीफिक्स निवडतो, त्यामुळे /24 असता तर तोच दिसला असता. एएस पाथमध्ये फक्त आमचा क्रमांक होता, याचा अर्थ त्यांनी हा रूट मुंबईच्या एक्स्चेंजवरच्या थेट पिअरिंगमधून घेतला होता. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे शेवटच्या ओळीतला `valid` हा शब्द. नेक्स्ट हॉप पोहोचण्याजोगा आहे, एवढंच तो सांगतो. रूटच्या अधिकृततेशी त्याचा संबंध नाही.

मुंबईच्या राउटरने पाकिटं पुण्याला का पाठवली नाहीत? पुण्याचा /24 अपस्ट्रीमकडून त्याच्यापर्यंत येत होता, पण पाथमध्ये आमचाच एएस क्रमांक असल्यामुळे बीजीपीच्या लूप टाळण्याच्या नियमाने तो नाकारला जात होता. उरला /23 चा नल रूट. पाकिटं तिथे टाकून दिली जात होती.

३. पिअरिंग बंद केल्यावर सुरू झालं, म्हणून दोष पिअरिंगचा ठरत नाही.

त्या आयएसपीबरोबरचं सेशन बंद केलं आणि काकांचं काम चालू झालं. त्या आयएसपीला दोष देणारी ईमेल मी लिहायलाही घेतली होती. ती पाठवली नाही, हे बरं झालं. सेशन बंद झाल्यावर पाकिटं आमच्या अपस्ट्रीमकडे जाऊ लागली होती. त्या आयएसपीला फक्त /23 माहीत होता, पण अपस्ट्रीमकडे /24 होता, म्हणून तिथून पाकिटं पुण्याला वळत होती. सेवा चालू झाली, पण मूळ बिघाड तसाच होता.

४. गटाचा तुकडा करण्याआधी आरओए तपासा.

कोणत्या एएसने कोणता प्रीफिक्स जाहीर करायचा आणि तो किती लांबीपर्यंत, याची सही केलेली नोंद म्हणजे आरओए. आमच्या नोंदीत कमाल लांबी 23 होती. त्यामुळे आमचाच /24 आमच्याच नोंदीनुसार अवैध ठरत होता. तो आयएसपी अवैध रूट टाकून देतो, आणि ते योग्यच आहे. आमची अपस्ट्रीम तशी तपासणी करत नव्हती. म्हणून जी कंपनी तपासणीही करते आणि मुंबईत आमच्याशी थेट पिअरिंगही करते, फक्त तिचेच ग्राहक अडकले.

उपाय करताना कमाल लांबी सरसकट 24 करण्याचा मोह होतो. तसं करू नका. जाहीर न केलेल्या तुकड्यावर कुणी आमचा एएस क्रमांक पुढे करून खोटा रूट जाहीर केला, तर तोही वैध ठरेल. २०२२ च्या आरएफसी ९३१९ मध्येही हाच इशारा आहे. आम्ही पुण्याच्या नेमक्या /24 साठी वेगळा आरओए काढला.

५. सेशन चालू आहे यावरून समोरच्याने रूट स्वीकारला, असं समजू नका.

`Established` म्हणजे दोन राउटर बोलत आहेत. आपल्याकडच्या `advertised-routes` मध्ये आपण पाठवलेलं दिसतं, त्यांनी ठेवलेलं दिसत नाही. ते त्यांच्या लुकिंग ग्लासमध्येच बघावं लागतं.

नवा आरओए सगळ्यांच्या तपासणी यंत्रणांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून पिअरिंग लगेच उघडलं नाही. त्या आयएसपीच्या लुकिंग ग्लासमध्ये पहिल्या ओळीत `198.18.11.0/24` दिसल्यावरच सेशन परत चालू केलं. काकांनी पुन्हा `tracert` चालवला. शेवटचा टप्पा पुण्याचा होता.