मुलगी, पत्नी, भाऊ आणि बहिणी : 'शेष' कोणाचे?



दफनविधी आटोपून तीन-चार दिवस होतात न होतात, तोच मशिदीत येऊन वारसाहक्काविषयी विचारणारे लोक मला अनेकदा भेटतात. त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. मयत व्यक्तीला मुलगा नसतो. मागे पत्नी, एकुलती एक मुलगी, एक सख्खा भाऊ आणि सख्ख्या बहिणी असतात. भाऊ म्हणतो, "मौलाना, भाईजानला मुलगा नव्हता. वारस मीच ना?" दुसऱ्या दिवशी मयताची पत्नी पडद्याआडून विचारते, "घरात मुलगी आहे, मी आहे. मग दीरांचा आणि नणंदांचा संबंध कसा येतो?" बहिणींविषयी मात्र सहसा कोणी विचारत नाही आणि त्या स्वतःही विचारत नाहीत.

या दोन्ही प्रश्नांत थोडे सत्य आहे आणि दोन्हींत चूक आहे. या लेखात आपण हा एकच प्रसंग पायरीपायरीने सोडवू. येथे सांगितलेली वाटणी अहले सुन्नतच्या चारही मजहबांनुसार आहे. जाफरी फिकहमध्ये मुलगी असताना भावा-बहिणींना वारसा मिळत नाही. त्या पंथाच्या कुटुंबांनी आपल्या आलिमांकडूनच मसला समजून घ्यावा.

निर्णयाचा पाया : हजरत साअद (रजि.) यांचे घर

हजरत साअद बिन रबीअ (रजि.) उहुदच्या युद्धात शहीद झाले. त्यांच्यामागे पत्नी, दोन मुली आणि एक भाऊ होता. भावाने जुन्या अरबी प्रथेप्रमाणे सर्व मालमत्ता ताब्यात घेतली. साअद (रजि.) यांची पत्नी दोन्ही मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली. मुलींच्या हाती काहीच उरले नाही, आता त्यांचे विवाह कसे होणार, अशी तिची तक्रार होती. त्यानंतर वारसाहक्काची आयत अवतरली. प्रेषितांनी (स.) त्या भावाला बोलावून आदेश दिला की, दोन्ही मुलींना मिळून दोन तृतीयांश द्यावे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा द्यावा आणि जे उरेल ते त्याने घ्यावे.

या निर्णयातील क्रम लक्षात घ्या. भावाला वगळले गेले नाही; पण त्याला शेवटी ठेवले गेले. मुलींचा आणि पत्नीचा हिस्सा ठरलेला आहे. भावाचा हिस्सा म्हणजे त्यानंतर उरलेले शेष. ज्यांचा हिस्सा कुरआनने अपूर्णांकात ठरवून दिला, त्यांना 'असहाबुल फुरूज' म्हणतात. ज्यांचा हिस्सा ठरलेला नसून जे शेष घेतात, त्यांना 'असबा' म्हणतात. आधी फुरूज, मग असबा. भाऊ मुलीला तिचा हिस्सा 'देतो', हा समज म्हणूनच चुकीचा आहे. मुलगी आपला हिस्सा अल्लाहच्या आदेशाने आधी घेते आणि तिच्यानंतर भावाची पाळी येते.

आपल्या प्रसंगातील हिस्से

एकटी मुलगी असेल आणि मुलगा नसेल, तर तिचा हिस्सा निम्मा म्हणजे 1/2 (सूरह अन-निसा, आयत 11). पत्नीचा हिस्सा पतीला अपत्य असेल तर 1/8 आणि नसेल तर 1/4 (आयत 12). येथे एक चूक नेहमी होते : "मुलगा नाही, म्हणजे अपत्य नाही" असे धरून पत्नीला चौथा हिस्सा दिला जातो. परंतु आयतीतील शब्द अपत्याचा आहे आणि मुलगी हे अपत्यच आहे. म्हणून पत्नीला आठवाच हिस्सा मिळेल.

निम्मा आणि आठवा मिळून 5/8 झाले. उरले 3/8. हे शेष सख्खा भाऊ आणि सख्ख्या बहिणी यांचे आहे. भाऊ असताना बहिणी त्याच्याबरोबर असबा होतात आणि भावाला बहिणीच्या दुप्पट, या प्रमाणात शेष वाटले जाते. म्हणजेच 3/8 हे एकट्या भावाचे नाही.

बहिणीचा हक्क मुलीमुळे बुडतो काय?

काही सुशिक्षित वाचक सूरह अन-निसाची शेवटची, 176 वी आयत दाखवून म्हणतात की, तेथे बहिणीला हिस्सा मिळण्यासाठी मयताला अपत्य नसण्याची अट आहे. मग मुलगी असताना बहिणीला कसे मिळेल? हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचे मतही असेच नोंदले गेले आहे. तथापि बहुसंख्य सहाबांनी आणि चारही इमामांनी ती अट बहिणीच्या 'ठरलेल्या' हिश्श्याची मानली. अपत्य नसेल तर एकट्या बहिणीला ठरलेला निम्मा हिस्सा मिळतो. मुलगी असेल तर तो ठरलेला हिस्सा जातो. पण शेष घेण्याचा मार्ग खुला राहतो.

याला आधार आहे. हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांनी यमनमध्ये एक मुलगी आणि एक बहीण अशा प्रकरणात दोघींना निम्मे-निम्मे दिले. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्यापुढे मुलगी, मुलाची मुलगी आणि बहीण असा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी मुलीला निम्मा, नातीला सहावा आणि उरलेले बहिणीला दिले, आणि हाच प्रेषितांचा (स.) निर्णय असल्याचे सांगितले. म्हणून भाऊ नसता आणि केवळ बहिणी असत्या, तरी ते 3/8 बहिणींनाच मिळाले असते. इतकेच नव्हे, अशी सख्खी बहीण असताना पुतण्यालाही काही मिळत नाही, कारण ती शेषाच्या बाबतीत त्याच्या पुढे उभी राहते.

एक उदाहरण पूर्ण सोडवू

समजा, मयताच्या मागे पत्नी, एक मुलगी, एक सख्खा भाऊ आणि दोन सख्ख्या बहिणी आहेत. आईवडील, आजोबा, मुलगा किंवा मुलाची मुले हयात नाहीत. घर, दुकान आणि रोख मिळून एकूण मालमत्ता 35,50,000 रुपयांची आहे.

वाटणीआधी तीन गोष्टी वजा होतात. कफन-दफनाचा खर्च 30,000. दुकानासाठी घेतलेले कर्ज 2,70,000. आणि पत्नीचा न दिलेला मेहर 50,000. मेहर हे पतीवरील कर्ज आहे. तो पत्नीच्या आठव्या हिश्श्यात गिळून टाकता येत नाही. कर्जानंतर वसीयत असल्यास ती उरलेल्या मालमत्तेच्या जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत पूर्ण केली जाते. या उदाहरणात वसीयत नाही. वाटणीसाठी उरले 32,00,000 रुपये.

आता भाग पाडू. मूळ संख्या 8 : पत्नीचा 1, मुलीचे 4, शेष 3. भावाचे 2 आणि दोन बहिणींचा प्रत्येकी 1, असे शेषाचे 4 वाटे हवेत. पण 3 चे 4 वाटे पूर्णांकात होत नाहीत. म्हणून 8 ला 4 ने गुणून 32 भाग करावेत. या कृतीला 'तसहीह' म्हणतात. एक भाग झाला 1,00,000 रुपयांचा :

पत्नी : 4 भाग, 4,00,000
मुलगी : 16 भाग, 16,00,000
भाऊ : 6 भाग, 6,00,000
पहिली बहीण : 3 भाग, 3,00,000
दुसरी बहीण : 3 भाग, 3,00,000

बेरीज करून पाहा : 4, 16, 6, 3 आणि 3 मिळून 32 भाग. भावाच्या नावापुढे 12 भाग दिसले, तर बहिणी विसरल्या गेल्या. पत्नीच्या नावापुढे 8 भाग दिसले, तर मुलीला अपत्य धरले गेले नाही. मुलीच्या नावापुढे 28 भाग दिसले, तर शेष तिच्यातच मिळवले गेले. अशी एक ओळ तपासली, तरी चूक कोठे झाली ते कळते.

कोणामुळे गणित बदलते?

वारसांची यादी अपुरी असेल तर अचूक गणितही निरुपयोगी ठरते. मयताचा मुलगा, मुलाचा मुलगा किंवा वडील यांपैकी एक जरी हयात असेल, तर भाऊ-बहिणींना काही मिळत नाही. आई हयात असेल तर तिला सहावा हिस्सा मिळतो. मग 24 भागांपैकी आईचे 4, पत्नीचे 3, मुलीचे 12 आणि भाऊ-बहिणींसाठी 5 उरतात. एकीऐवजी दोन मुली असतील, तर त्यांना मिळून दोन तृतीयांश. 24 पैकी 16 त्यांचे, 3 पत्नीचे आणि शेष पुन्हा 5. केवळ आईकडून नाते असलेले भाऊ-बहीण मुलगी असताना वारस ठरत नाहीत. केवळ वडिलांकडून नाते असलेल्यांना सख्खा भाऊ असताना काही मिळत नाही.

कागदावर काय होते?

आपल्याकडे बहिणींचा हक्क गणितात नव्हे, तर कागदावर जातो. वारस नोंदीच्या अर्जात काही वेळा त्यांची नावेच दिली जात नाहीत. किंवा नावे लागतात आणि पाठोपाठ हक्कसोडपत्र पुढे येते. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. तिला आपला हिस्सा किती, हे आधी सांगितले गेले होते काय? संकोचाने घेतलेली सही म्हणजे मनापासून दिलेली देणगी नव्हे. हिस्सा मोजून तिच्या हाती द्या. त्यानंतर तिने स्वखुशीने भावाला किंवा पुतणीला काही दिले, तर तो तिचा अधिकार आहे.

मुलीचे वडील हयात असताना दुसऱ्या टोकाचा विचार करतात : सर्व काही मुलीच्या नावे वसीयत करून टाकावे. वारसासाठी केलेली वसीयत मात्र इतर वारसांनी मृत्यूनंतर संमती दिल्याशिवाय लागू होत नाही. हयातीत ताबा देऊन केलेला हिबा वैध असतो; पण मरणाच्या आजारात केलेल्या हिब्याला वसीयतीचाच नियम लागतो, आणि भावा-बहिणींना वंचित करण्याच्या हेतूने केलेल्या हिब्याचा जाब अल्लाहपुढे द्यावा लागेल. बँकेत नामनिर्देशन असले, तरी ती व्यक्ती एकटी वारस ठरत नाही. 1937 च्या शरीयत कायद्याच्या मूळ कलमात शेतजमिनीचा अपवाद आहे. म्हणून सातबाऱ्याच्या बाबतीत वकिलाचाही सल्ला घ्यावा. कायद्याची वाट काहीही असो, आपल्या हाती आलेल्या जमिनीत बहिणीचा हिस्सा असेल, तर दीनच्या दृष्टीने तो तिचाच आहे.

आपल्या घरी असा प्रसंग आला, तर प्रथम हयात नातेवाइकांची यादी लिहा, मग कर्ज आणि मेहर वजा करा, आणि ती यादी घेऊनच मुफ्तीसाहेबांकडे जा. अल्लाह आपणा सर्वांना दुसऱ्याचा हक्क त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.