लस तिच्यासाठी, टोचली आम्हाला

शाळेत कांजिण्यांची साथ आली, तेव्हा माझ्या मुलीच्या रक्ताच्या कर्करोगावरचे उपचार मेंटेनन्सच्या टप्प्यात होते. डोक्यावर केस परत आले होते, ती खेळत होती, जेवत होती. रोज रात्रीची ६-एमपीची गोळी आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट सोडलं, तर ही मुलगी आजारी आहे असं कुणाला वाटलं नसतं. जवळच्या दवाखान्यातही वाटलं नाही. ‘‘कांजिण्यांची लस राहिलीय हिची, आजच देऊन टाकू,’’ असं म्हणत फ्रीजमधून कुपी बाहेर निघाली. मी म्हटलं, ‘‘आधी हॉस्पिटलला विचारते.’’ फोनवर तिच्या कर्करोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंचं पहिलं वाक्य होतं, ‘‘तिला नको. घरातल्या बाकीच्यांना द्या.’’

कारण त्यांनी नंतर नीट समजावलं. कांजिण्या, गोवर-गालगुंड-रुबेला, तोंडातून देतात ते पोलिओचे थेंब, बीसीजी या जिवंत लशी. त्यांतला जंतू दुबळा केलेला असतो, पण मेलेला नसतो. तो शरीरात थोडा वाढतो, मग प्रतिकारशक्ती त्याला आवरते आणि तेवढ्यात त्याची ओळख पक्की करून ठेवते. केमोच्या गोळ्या कर्करोगाच्या पेशींबरोबर आवरणाऱ्या पेशींनाही दाबून ठेवतात. मग दुबळा जंतूसुद्धा मोकाट वाढू शकतो आणि लशीचाच आजार होतो. मोठ्या डोसचं स्टेरॉइड दोन आठवडे किंवा जास्त चालू असेल, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असतील, तरी हाच धोका. मेलेल्या जंतूंच्या लशींनी असा आजार होत नाही, मात्र अशा रुग्णात त्यांचा परिणाम कमी होतो. म्हणून आजार घरात शिरूच नये, ही जबाबदारी बाकीच्यांवर येते.

आम्ही प्रत्येकाचा हिशेब मांडला. सासूबाईंना आणि मला लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या, त्यामुळे आम्हाला लशीची गरज नव्हती. नवऱ्याला आल्या नव्हत्या. त्याने एक डोस घेतला आणि चार आठवड्यांनंतर दुसरा. ही लस सरकारी वेळापत्रकात नाही, पैसे देऊन घ्यावी लागते. ‘त्याच्याकडून हिला लागेल का?’ ही माझी भीती. लस घेतलेल्याच्या अंगावर पुरळ आलं तरच तशी थोडी शक्यता असते, आणि तीही क्वचित. पुरळ उठलं तर ते पूर्ण जाईपर्यंत वेगळं झोपायचं, एवढीच सूचना होती. नवऱ्याला पुरळ आलं नाही.

खरा पेच धाकट्याच्या कार्डावर होता. तो दीड वर्षाचा, आणि त्या वयाला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि पोलिओच्या थेंबांचा बूस्टर एकाच दिवशी येतात. दोन्ही जिवंत, पण उत्तरं उलटी. गोवर-रुबेलाच्या लशीतला विषाणू घरातल्या दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा ती वेळेवर द्यायचीच. थेंबांतला विषाणू मात्र काही आठवडे बाळाच्या शौचातून बाहेर पडतो आणि हातांवाटे बहिणीपर्यंत पोचू शकतो. म्हणून त्याला थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन दिलं. त्यातला विषाणू मेलेला असतो. पल्स पोलिओच्या रविवारनंतर आशाताई दारी आल्या, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्यांनी नोंद केली आणि वाद झाला नाही. घरात तान्हं बाळ असेल, तर रोटाव्हायरसचे थेंबही जिवंत असतात. ते बाळाला द्यावेत, पण पुढचे काही आठवडे त्याची लंगोटं आजारी माणसाने बदलू नयेत आणि बाकीच्यांनी बदलल्यावर साबणाने हात धुवावेत. फ्लूची लस घरातल्या सगळ्यांनी दरवर्षी घ्यावी, ती इंजेक्शनची. नाकात फवारायची फ्लूची लस जिवंत असते.

एवढं करूनही शाळा, लग्नकार्य, शेजार उरतोच. कांजिण्या अंगावर दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात. तेव्हा ‘काल जिच्याशेजारी बसली होती तिला आज फोड आलेत’ असं कळलं, की फोडांची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी हॉस्पिटलला कळवायचं. कांजिण्यांवरचं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन पहिल्या चार दिवसांत मिळालं तर उत्तम, दहा दिवसांपर्यंत देता येतं. गोवराचा संपर्क आला असेल, तर प्रतिपिंडांसाठी सहा दिवसांची मुदत असते. पूर्वी लस झालीय म्हणून निर्धास्त राहू नये, कारण केमोत जुनं संरक्षणही ओसरू शकतं.

केमो संपली की लगेच जिवंत लस घ्यायची नसते. निदान तीन महिने, बरेचदा सहा महिने थांबवतात, आणि तारीख कर्करोगतज्ज्ञच ठरवतात. तोवर फाइलच्या पहिल्या पानावर आणि लसीकरण कार्डावर लाल शाईने लिहून ठेवा: ‘जिवंत लस देऊ नये.’ धाकट्या भावंडाच्या कार्डावर तेवढंच लिहू नका, नाहीतर त्याची गोवराची लसही थांबेल. तिथे लिहा: ‘फक्त पोलिओचे थेंब नकोत, इंजेक्शन द्यावे.’