सकाळची डोकेदुखी आणि झोपेतील श्वासरोध

सकाळी उठताच डोके जड होणे ही तक्रार आपल्याकडे बहुधा पित्ताच्या माथी मारली जाते. कोणी चष्म्याचा नंबर बदलतो, कोणी रोज एक गोळी घेऊन शाळेची वाट धरतो. परंतु अशा डोकेदुखीचे एक कारण रात्रीच्या घोरण्यात दडलेले असू शकते, व ते रोग्याला स्वतःला कधीच दिसत नाही.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही व्यक्तींत जिभेचे मूळ व मऊ टाळू मागे सरकून श्वासमार्ग अरुंद होतो. हवा त्यातून घासून जाते, तेव्हा घोरण्याचा आवाज होतो. मार्ग पूर्ण मिटला म्हणजे छाती हालत राहते, पण हवा आत जात नाही. असा खंड दहा सेकंद वा अधिक टिकला तर त्यास श्वासरोध म्हणतात. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, आणि मोठ्या घरघरीसह श्वास पुन्हा सुरू होतो. हे रात्रभर चालते. डोके नेमके का दुखते, याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. घटलेला प्राणवायू, रक्तात साठणारा कर्बवायू व तुटलेली झोप ही कारणे सांगितली जातात.

या दुखण्याची ओळख पटण्याजोगी आहे. ते डोक्याच्या दोन्ही बाजूंस असते, दाबल्यासारखे वाटते, महिन्यातील निम्म्याहून अधिक दिवस येते आणि उठल्यावर साधारण चार तासांच्या आत ओसरते. अर्धशिशीत मात्र मळमळ होते व उजेड किंवा आवाज सहन होत नाही. येथे तसे नसते.

उदाहरणार्थ, अठ्ठेचाळीस वर्षांचे एक शिक्षक घ्या. आठवड्यातून पाच दिवस त्यांचे कपाळ सकाळी दुखते व नऊच्या सुमारास थांबते. दुपारच्या तासाला खुर्चीत डुलकी लागते. त्यांच्या पत्नी सांगतात, "हे घोरता घोरता एकदम गप्प होतात, मग दचकून श्वास घेतात." रक्तदाब 150/96 आणि मानेचा घेर 43 सेंटीमीटर भरतो. डॉक्टर अशा वेळी आठ प्रश्न विचारतात : मोठ्याने घोरणे, दिवसा थकवा, श्वास थांबलेला कोणी पाहणे, उच्च रक्तदाब, फार स्थूलता, पन्नासहून अधिक वय, चाळीस सेंटीमीटरहून मोठी मान, आणि पुरुष असणे. या गुरुजींची सहा उत्तरे होकारार्थी येतात. तीन वा अधिक आल्यास निद्रा-तपासणीचा विचार करतात. पाच वा अधिक आल्यास धोका मोठा समजतात.

या तपासणीत रात्रभर श्वास, प्राणवायू, हृदय व मेंदूच्या लहरी यांची नोंद होते. गुरुजींच्या सहा तासांच्या झोपेत 156 वेळा श्वास थांबला किंवा फार मंदावला, म्हणजे तासाला 26 वेळा. पाचाखाली प्रौढांत सामान्य, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम व त्यापुढे तीव्र, असे मोजमाप आहे. दिवसा बोटाला यंत्र लावून प्राणवायू योग्य आढळला, म्हणून रोग नाही असे ठरत नाही. खंड पडतो तो झोपेत.

उपचारात वजन कमी करणे व कुशीवर झोपणे यांचा लाभ होतो. मद्य व झोपेच्या गोळ्या घसा अधिक सैल करतात, म्हणून त्या टाळाव्यात. मध्यम व तीव्र विकारात मुखवट्यातून हलक्या दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र बहुधा सुचवितात. डोकेदुखी श्वासरोधाचीच असेल तर यंत्राच्या नियमित वापराने ती कमी होते. तसे न झाल्यास दुसरे कारण शोधावे लागते. महिन्यातून पंधरा वा अधिक दिवस वेदनाशामक गोळी घेत राहिल्यानेही डोके दुखू लागते, हे गोळीवर दिवस काढणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

सकाळची डोकेदुखी, मोठे घोरणे आणि घरच्यांनी पाहिलेला श्वासाचा खंड ही तीन एकत्र आली, की डॉक्टरांकडे जाऊन निद्रा-तपासणीविषयी विचारावे. मोटारसायकल चालविताना डोळा लागत असेल तर विलंब करू नये; तोवर वाहन चालविणे थांबवावे. जाण्यापूर्वी आठवडाभर दुखणे केव्हा सुरू झाले, केव्हा थांबले व किती गोळ्या घेतल्या, हे वहीत टिपावे. ज्याने घोरणे ऐकले त्यालाही सोबत न्यावे, कारण झोपलेल्याची साक्ष जागा असलेलाच देऊ शकतो.

मात्र डोके अकस्मात फार तीव्र दुखू लागले, वारंवार उलट्या झाल्या, ताप येऊन मान ताठरली, हातपाय लुळे पडले किंवा बोलणे अडखळले, तर निद्रा-तपासणीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.