शंका-समाधान : ‘सूर्याय’ म्हणजे सूर्यासाठी नव्हे

शंका : ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या यमसूक्तात (१०.१४) बाराव्या ऋचेत ‘अस्मभ्यम्’, ‘दृशये’ आणि ‘सूर्याय’ अशा तीन चतुर्थ्या लागोपाठ येतात. मी ‘आम्हांसाठी, दर्शनासाठी, सूर्यासाठी’ असा अर्थ लावला, पण वाक्य जुळेना. सूर्यासाठी काय मागितले आहे?

समाधान : सूर्यासाठी काहीच मागितलेले नाही. यमाचे दोन श्वानदूत माणसांमध्ये हिंडत असतात. त्यांनी आज, इथे आम्हांला पुन्हा प्राण द्यावा, एवढेच मागणे आहे. कशासाठी? तर सूर्य पाहण्यासाठी, म्हणजेच जगण्यासाठी.

आता एकेक चतुर्थी पाहू. ‘अस्मभ्यम्’ ही ‘देणे’ या क्रियेची चतुर्थी : प्राण द्यायचा तो आम्हांला. ‘दृशये’ म्हणजे ‘पाहायला’. शाळेत आपण ‘द्रष्टुम्’ हे हेत्वर्थक अव्यय शिकलो, त्याच अर्थाचे हे रूप. ‘सूर्याय’ हे त्या पाहण्याचे कर्म. आपल्याला इथे ‘सूर्यम्’ अशी द्वितीया अपेक्षित असते, पण ‘दृशये’च्या चतुर्थीने कर्मालाही आपल्याकडे ओढून घेतले आहे. ‘वृत्राय हन्तवे’ ही जोडीही अशीच आहे. तिचा अर्थ ‘वृत्राला मारायला’. ‘वृत्रासाठी’ असा अर्थ घेतला, तर ज्याला मारायचे त्याचेच भले चिंतल्यासारखे होईल.

असे का होते? ‘द्रष्टुम्’ हे आज अव्यय असले, तरी मुळात तीही धातूपासून बनलेल्या नामाची द्वितीयाच. अभिजात संस्कृतात तेवढे एकच रूप उरले. ऋग्वेदात मात्र ‘-तुम्’ची रूपे बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि चतुर्थीच्या रूपांचा सुकाळ आहे : दृशे, हन्तवे, पातवे, जीवसे. पाणिनीने अशा वैदिक प्रत्ययांची यादी ‘तुमर्थे’ या शब्दाने सुरू होणाऱ्या सूत्रात (३.४.९) दिली आहे. या रूपांतली विभक्ती जिवंत असल्यामुळे ऋषी दोन हेतू शेजारी शेजारी ठेवतो : ‘पाहण्याकडे, सूर्याकडे’. ऐकणाऱ्याच्या मनात त्यांचे एकच वाक्य होते.

मराठीतही ‘पाहायला’ या रूपात चतुर्थीचा ‘ला’ आहेच. ‘आम्हांला सूर्य पाहायला मिळो’ असे म्हटले, की तीनपैकी दोन चतुर्थ्या आपोआप जागेवर बसतात.

शंका : मग अशा रूपाजवळची प्रत्येक चतुर्थी कर्माचीच समजायची का?

समाधान : नाही, आणि नेमकी इथेच चूक होते. पहिल्या मंडलातल्या सूर्यसूक्ताच्या (१.५०) पहिल्या ऋचेत ‘दृशे’जवळ ‘विश्वाय’ आहे. किरण सूर्यदेवाला वर वाहून आणतात, ते ‘सर्वांनी त्याला पाहावे म्हणून’. ‘सूर्यम्’ हे वाहून आणण्याचे कर्म म्हणून द्वितीयेत आहे. ‘विश्वाय’ हा पाहणारा, म्हणजे कर्ता. धातू एकच, विभक्ती एकच. पण तिथे चतुर्थीत पाहण्याची वस्तू होती, इथे पाहणारा आहे. म्हणून आधी मुख्य क्रियापद शोधावे, त्याचे कर्ता-कर्म बाजूला काढावे आणि मग उरलेल्या चतुर्थीला विचारावे : पाहणारा तू, की पाहिला जाणारा?

शंका : ही ओढ चतुर्थीपुरतीच आहे का?

समाधान : नाही. दुसऱ्या मंडलातल्या विश्वेदेवांच्या सूक्तात (२.२९.६) देवांकडे रक्षण मागितले आहे. रक्षण कशापासून, म्हणून ‘अवपदः’ ही पंचमी आली : पडण्यापासून. तिच्यासोबत ‘कर्तात्’ म्हणजे खड्डाही पंचमीत गेला. शब्दशः ‘खड्ड्यापासून, पडण्यापासून’. अर्थ ‘खड्ड्यात पडण्यापासून’. सातव्या मंडलातल्या अग्निसूक्तात (७.४.६) ‘ईशे’ हे क्रियापद षष्ठी मागते, म्हणून ‘दातोः’, देण्याचा. त्याच्याबरोबर ‘रायः’ म्हणजे धनही षष्ठीत आहे. अग्नी ‘धनाचा, देण्याचा’ स्वामी आहे. म्हणजे धन देणे त्याच्या हाती आहे. ‘-तोः’ हा शेवट पंचमीचाही असू शकतो, त्यामुळे कोणती विभक्ती ते शेजारच्या क्रियापदावरूनच ठरते.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. ‘पीतये’ हे रूप दिसायला ‘दृशये’सारखेच आहे. पण ऋग्वेदात त्याच्याबरोबर वारंवार ‘सोमस्य’ अशी षष्ठी येते : ‘सोमाच्या पानासाठी’. अशा चतुर्थीच्या रूपाचे कर्म षष्ठीत असेल, तर ते रूप अजून साधे नामच आहे असे समजावे. कर्म द्वितीयेत असेल किंवा ‘सूर्याय’सारखे चतुर्थीत ओढले गेले असेल, तर त्या नामाने क्रियापदाचे काम हाती घेतलेले असते.