गिफ्ट कार्डचे पैसे आले, पण विक्री झाली का? गिफ्ट कार्ड आणि स्टोअर क्रेडिटचे हिशेब

'आगाऊ मिळालेले उत्पन्न ही देयता असते' हे वाक्य आपण अकरावीपासून पाठ करतो. भाडे किंवा व्याज आगाऊ आले की ते कुठे दाखवायचे हे बहुतेकांना येते. पण तोच नियम गिफ्ट कार्डला लावायची वेळ आली की गडबड होते. म्हणून आज एका कापड दुकानाचे उदाहरण घेऊन कार्ड दिल्यापासून त्याची मुदत संपेपर्यंतचा प्रवास पाहू. आकडे काल्पनिक आहेत आणि सोपेपणासाठी जीएसटी बाजूला ठेवला आहे.

१) कार्ड देताना

ग्राहकाने काउंटरवर १,००० रुपये दिले आणि कार्ड घेतले. गल्ल्यात पैसे आले, पण दुकानातून माल गेला नाही. म्हणजे विक्री झालेली नाही. दुकान आता १,००० रुपयांचा माल देणे लागते. रोजकीर्दीत नोंद अशी:

रोख खाते … नावे १,०००
  गिफ्ट कार्ड देयता खात्याला … १,०००

एक लक्षात ठेवा. स्टँडवर टांगलेल्या कोऱ्या कार्डांची काहीच किंमत नसते. काउंटरवर पैसे घेऊन कार्ड चालू केले, की त्या क्षणी देयता तयार होते.

२) थोडी रक्कम वापरली तर

त्या कार्डावर ग्राहकाने ६४० रुपयांचा कुर्ता घेतला. आता माल गेला, म्हणून विक्री झाली, पण फक्त ६४० ची.

गिफ्ट कार्ड देयता खाते … नावे ६४०
  विक्री खात्याला … ६४०

कार्डावर ३६० शिल्लक. पुढच्या महिन्यात तो ५०० रुपयांची ओढणी घेतो. ३६० कार्डातून जातात आणि १४० तो यूपीआयने देतो. विक्री पूर्ण ५०० ची झाली, देयता मात्र ३६० नेच कमी झाली आणि १४० बँक खात्याला नावे पडले.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे कॅशिअर कार्डाची रक्कम 'सूट' म्हणून टाकतो. मग बिल ५०० ऐवजी १४० चे दिसते, विक्री कमी लागते आणि देयता खात्यातले ३६० कायम पडून राहतात. याच्या उलटी चूक म्हणजे कार्ड देतानाच १,००० विक्रीत धरायचे आणि माल देताना पुन्हा विक्री धरायची. तेव्हा एकच विक्री दोनदा लागते.

३) स्टोअर क्रेडिट वेगळे का ठेवायचे?

समजा, दुसऱ्या एका ग्राहकाने रोखीने घेतलेला ८०० रुपयांचा शर्ट परत केला आणि दुकानाने पैशांऐवजी तेवढ्या रकमेचे क्रेडिट दिले. इथे नवीन पैसे आलेले नाहीत. आधीची विक्री रद्द झाली आणि तिच्या जागी देणे उभे राहिले.

विक्री परत खाते … नावे ८००
  स्टोअर क्रेडिट देयता खात्याला … ८००

दोन्ही देयताच आहेत, पण उगम वेगळा. गिफ्ट कार्डाची एकूण रक्कम गल्ल्यातल्या जमेशी ताडून पाहता येते, तर स्टोअर क्रेडिटची रक्कम परत आलेल्या मालाशी. एकाच खात्यात घातली तर दोन्ही ताडण्या हातच्या जातात. शिवाय कार्डाने घेतलेला माल परत आला तर रक्कम कार्डावर किंवा क्रेडिटमध्येच द्यावी. रोख दिली तर कार्डाचे पैसे मागच्या दाराने रोख करून घेण्याची वाट मोकळी होते.

४) जे कधीच वापरले जात नाही, त्याचे काय?

काही कार्डे हरवतात, काहींवर वीस-पंचवीस रुपये उरतात आणि ते घ्यायला कोणी परत येत नाही. या न वापरल्या जाणाऱ्या रकमेला 'ब्रेकेज' म्हणतात. कंपनीला इंड एएस ११५ लागू असेल आणि मागच्या अनुभवावरून ब्रेकेजचा भरवशाचा अंदाज करता येत असेल, तर ते उत्पन्न मुदत संपेपर्यंत थांबून एकदम घेत नाहीत. ग्राहक जसजसे कार्ड वापरतात, त्या प्रमाणात घेतात.

आपल्या दुकानाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १,००० रुपयांची १०० कार्डे विकली, म्हणजे एकूण १,००,०००. मुदत दोन वर्षे. अंदाज असा की १०,००० वापरले जाणार नाहीत, म्हणजे ९०,००० वापरले जातील.

मार्च २०२४ पर्यंत ४५,००० वापरले गेले. म्हणजे अपेक्षित वापराचा अर्धा भाग झाला, म्हणून ब्रेकेजचाही अर्धा भाग, ५,००० रुपये, उत्पन्नात घेतला. देयता उरली ५०,०००.

पुढच्या वर्षी, मार्च २०२५ पर्यंत, आणखी ३६,००० वापरले गेले. ३६,००० भागिले ९०,००० गुणिले १०,००० म्हणजे ४,००० ब्रेकेज. देयता उरली १०,०००.

ऑक्टोबर २०२५ ला मुदत संपली. तोपर्यंत फक्त ७,००० आणखी वापरले गेले. उरलेले ३,००० आता कोणाचेच देणे नाहीत, म्हणून तेही उत्पन्नात. एकूण ब्रेकेज ५,००० + ४,००० + ३,००० = १२,०००, आणि प्रत्यक्ष वापर ८८,०००. बेरीज बरोबर १,००,०००. अंदाज १०,००० चा होता, तो थोडा चुकला, पण शेवटी खाते शून्यावर आले.

ज्या दुकानाकडे मागचा अनुभवच नाही, त्याला असा अंदाज करता येत नाही. त्याने कार्ड वापरले जाण्याची शक्यता अगदी नगण्य होईपर्यंत, साधारणपणे मुदत संपेपर्यंत, पूर्ण रक्कम देयतेतच ठेवावी.

५) ताळा कसा जुळवायचा?

प्रत्येक कार्डाची एक ओळ असलेली यादी ठेवा: कार्ड क्रमांक, दिल्याची तारीख, मूळ रक्कम, वापरलेली रक्कम, शिल्लक, मुदत. महिनाअखेरीला यादीतल्या शिलकेची बेरीज खतावणीशी ताडा.

आता मार्च २०२५ चा आकडा पाहा. ८१,००० वापरले गेले, म्हणून यादीतली शिल्लक १९,०००. खतावणीत मात्र देयता १०,०००. चुकले का? नाही. फरक ९,००० चा आहे आणि तोच आतापर्यंत उत्पन्नात घेतलेला ब्रेकेज आहे. ग्राहकाचा हक्क अजून १९,००० वर आहे, त्यामुळे यादीतून काहीही खोडायचे नाही. फरक ब्रेकेजपेक्षा वेगळा आला, तरच चूक शोधायची. खतावणी त्या हिशेबापेक्षा जास्त दिसली तर बहुधा कार्ड 'सूट' म्हणून टाकले गेले आहे, आणि कमी दिसली तर कार्ड देतानाच विक्री धरली गेली आहे.

'दोन हजारांच्या खरेदीवर दोनशेचे कूपन मोफत' अशी कूपने या यादीत घालू नका. त्यांच्यासाठी ग्राहकाने वेगळे पैसे दिलेले नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा.

सरावासाठी: एका दुकानाने ५०० रुपयांची ५० कार्डे विकली. अपेक्षित ब्रेकेज २,०००. वर्षअखेरपर्यंत ११,५०० वापरले गेले. उत्पन्नात घ्यायचा ब्रेकेज, खतावणीतली देयता आणि यादीतली शिल्लक काढा.

उत्तर: ब्रेकेज १,०००, देयता १२,५००, यादीतली शिल्लक १३,५००. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक १,००० का आला, ते एका वाक्यात वहीत लिहा.