गाण्याची ओळ ऐका, मग नाच बसवा



स्नेहसंमेलन जवळ आलं की झरीसारख्या गावातल्या शाळेत दुपारनंतर एकच गाणं पन्नास वेळा वाजतं. मुलं स्टेप्स पाठ करतात, पण रंगमंचावर गेली की गोंधळतात. बहुतेक वेळा याचं कारण असं की त्यांनी आकडे पाठ केलेले असतात, ओळी नाही. हालचाल कधी करायची हे गाण्याची ओळच सांगत असते. ती कशी वाचायची, ते एका उदाहरणातून पाहू. वर्गासाठी जुळवलेलं हे साधं गाणं घ्या:

चला गं सयांनो, रानात चला
ज्वारीच्या ताटाला मोती आला (ध्रुवपद)

काळ्या रानात तिफण चालली
चाड्यावर ज्वारीची मूठ सोडली

आली आली पाखरं, राखण करा
उंच माळ्यावरून गोफण फिरवा

खुडली कणसं, पाटी भरली
खळ्यावर सोन्याची रास मांडली

मुलं सोळा आहेत : बारा शेतकरी आणि चार लहान पाखरं. प्रत्येक ओळ आठ मात्रांची असून तिला साधारण चार सेकंद लागतात.

१. हावभाव क्रियापदावर

मराठीत क्रियापद बहुधा ओळीच्या शेवटी येतं. 'मूठ सोडली' मध्ये 'सोडली' ऐकून मूल हात हलवू लागलं, तर हात उघडेपर्यंत ओळ संपते. म्हणून नामावर तयारी आणि क्रियापदावर कृती करायची. 'चाड्यावर' म्हणताना नजर खाली, 'मूठ' म्हणताना मूठ छातीपाशी बंद, आणि 'सोडली' वर बोटं उघडायची. एका ओळीला एकच कृती ठेवा. काळं, रान, तिफण, चालणं अशा प्रत्येक शब्दाला हात केला, तर प्रेक्षकांना नुसते हातवारे दिसतात.

२. रचना वस्तूच्या आकारातून

तिफणीला तीन फण असतात. म्हणून या कडव्यात बारा मुलं चार-चारच्या तीन उभ्या रांगांत पुढे सरकतात. शेवटच्या कडव्यात 'रास' आहे, तर सगळ्यांनी गोल करायचा : आतली चार उभी, बाहेरची आठ गुडघ्यावर. दुरून ढीग दिसतो.

पण रांगेतून गोलात जायचं कधी? कडव्यात नाही, कारण तिथे अर्थ दाखवायचा असतो. जागा बदलायची ती ध्रुवपदात. ते दोनदा म्हटलं की चार ओळी, म्हणजे सोळा सेकंद मिळतात. पहिल्या फेरीत चालायचं, दुसऱ्या फेरीत जागेवर ठेका धरायचा. उशीर झालेल्या मुलाला तेवढी सवड मिळते.

३. प्रवेश हाकेच्या ओळीवर

हे आपल्याकडे नवीन नाही. गोंधळात संबळाच्या ठेक्यावर तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला नाव घेऊन 'गोंधळाला या' अशी हाक घालतात. नाव घेतलं की ऐकणाऱ्याचं लक्ष येणाऱ्याकडे लागतं. आपल्या गाण्यात ती हाक म्हणजे 'आली आली पाखरं'.

इथेच सगळ्यात जास्त चूक होते. 'आली' ऐकून पाखरं विंगेतून निघाली तर ती 'राखण करा' ला जागेवर पोचतात आणि 'आली' म्हणताना रंगमंच रिकामा राहतो. विंगेपासून जागेपर्यंत सहा पावलं असतील, एका मात्रेला एक पाऊल, तर सहा मात्रा आधी निघायला हवं. म्हणजे सूचना आधीच्या ओळीत शोधायची. आधीची ओळ ध्रुवपदाची आहे : 'ज्वारीच्या ताटाला मोती आला'. त्यातला 'ज्वारीच्या' संपला की निघायचं. मात्र ध्रुवपद दोनदा येतं, म्हणून 'दुसऱ्या वेळच्या ज्वारीला' असं सांगा. मुलांना सहा मात्रा लक्षात राहत नाहीत, शब्द राहतो.

चुकतंय हे कसं ओळखायचं?

एक दिवस गाणं बंद करा आणि मुलांना ओळी नुसत्या म्हणत नाचायला सांगा. जे मूल शेजाऱ्याकडे बघून हात उचलतं, त्याला ओळ समजलेली नाही. त्याला 'चाडं' किंवा 'गोफण' म्हणजे काय ते विचारा. शेतकऱ्याच्या घरचं मूलही आता ट्रॅक्टरची पेरणीच पाहतं. आजोबांना शाळेत बोलवा, गोफण कशी फिरवतात ते एकदा पाहू द्या. हात आपोआप नीट फिरतो.

कडव्यांमधल्या नुसत्या वाद्यांच्या तुकड्यात शब्द नसतात. तिथे ही पद्धत चालत नाही, एखादं ठळक वाद्य खूण म्हणून धरावं लागतं. आणि मंडपातले स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून असतात, त्यामुळे मागच्या रांगेला शब्द अस्पष्ट येतात. एक बॉक्स रंगमंचाकडे वळवून ठेवा. ओळ ऐकूच आली नाही, तर सगळी तालीम वाया जाते.